‘ससकाळी’ येते कुठून?

‘उद्या ससकाळी येतो.’

‘उद्या सळी येतो.’

‘उद्या सका��ी येतो.’

लिहिणाऱ्याला तिन्ही वेळा ‘उद्या सकाळी येतो’ एवढंच सांगायचं होतं. बोटं नेमक्या अक्षरांवर पडली होती. रेंज मात्र एकच दांडी होती आणि ॲप अडखळत होतं. असा निरोप आला की वाचणारा आधी हसतो. मग कुणीतरी ‘फोन हॅक झालाय का बघ’ म्हणतं आणि शेवटी सगळं खापर रेंजवर फुटतं. ‘नेटवर्क खराब होतं, अक्षरं गळली.’

हे स्पष्टीकरण पटण्यासारखं वाटतं, पण त्यात एक अडचण आहे. नेटवर्क अक्षरं गाळत नाही आणि दोनदाही छापत नाही. इंटरनेटवरचे निरोप ज्या नियमांनी जातात, त्यांचा पाया व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली एका निबंधात मांडला. त्यातून पुढे टीसीपी नावाची पद्धत उभी राहिली. या पद्धतीत पाठवलेल्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीतलं एक घर. पलीकडचं यंत्र ‘इथपर्यंतचं मिळालं’ अशी पोच देतं. पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवला जातो, आणि चुकून दोनदा पोहोचला तर क्रमांक पाहून दुसरा टाकून दिला जातो. आजकालची काही ॲप्स याऐवजी क्विक नावाची नवी पद्धत वापरतात, पण क्रमांक आणि पोच तिथेही आहेतच. त्यामुळे एका जोडणीतून गेलेला मजकूर एकतर पूर्ण आणि क्रमाने पोहोचतो, नाहीतर उशिरा पोहोचतो, नाहीतर पोहोचतच नाही. मधलं एखादंच ‘का’ हवेत विरून गेलं, असं होत नाही.

कमजोर रेंज आपल्याला देते तो फक्त उशीर. एरवी क्षणात होणाऱ्या गोष्टीला दोन-तीन सेकंद लागतात. अक्षरं मोडतात ती ॲपमध्ये, कारण इतका उशीर होईल असं धरून ते लिहिलेलंच नसतं. वर दिलेल्या तीन वाक्यांतली मोडतोड ॲपच्या वेगवेगळ्या जागी झालेली आहे. मोडलेला निरोप नीट पाहिला तर ती जागा बऱ्याचदा ओळखता येते.

एका चौकटीत तिघे लिहिणारे

फोनवर मराठी लिहिताना टाइप होत असलेल्या शब्दाखाली बहुधा एक बारीक रेघ दिसते. ती सजावट नव्हे. कीबोर्ड आणि ॲप हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, आणि ‘हा शब्द अजून पुरा झालेला नाही, तो माझ्या ताब्यात आहे’ असं कीबोर्ड त्या रेघेतून ॲपला सांगत असतो.

बरेचसे कीबोर्ड चालू शब्दाचं एकेक सुटं अक्षर ॲपला देत नाहीत. दर वेळी आतापर्यंतचा अख्खा शब्द नव्याने देतात. आपण ‘सकाळी’ लिहितो तेव्हा कीबोर्ड आधी ‘स’ देतो, मग ‘सक’, मग ‘सका’, मग ‘सकाळ’, मग ‘सकाळी’. प्रत्येक वेळी रेघेखालचा जुना भाग जातो आणि त्या जागी नवा येतो. स्पेस दाबली की शब्द पक्का होतो आणि रेघ निघते. सूचना दाखवायच्या, शब्द सुधारायचा, रोमन अक्षरांतून देवनागरी करायची, हे सगळं या सोयीवर चालतं.

म्हणजे चौकटीत लिहिणारे दोघे झाले, आपण आणि आपल्या वतीने कीबोर्ड. गोंधळ सुरू होतो तो ॲपही तिथे लिहू लागतं तेव्हा. काही ॲप्स आणि ऑनलाइन फॉर्म लिहिता लिहिताच मजकूर सर्व्हरकडे पाठवतात. कुणाला कच्चा मसुदा जपून ठेवायचा असतो, कुणाला नाव-पत्ता तपासायचा असतो, कुणाला एकच कागद चार जणांना एकाच वेळी लिहू द्यायचा असतो. सर्व्हरकडून उत्तर आलं की ॲप ते उत्तरच चौकटीत भरतं. सर्व्हरकडे आहे तेच खरं, अशी त्यामागची समजूत असते.

हे एकदा सेकंदांच्या हिशेबात पाहू. ‘उद्या’ लिहून झालं आहे, स्पेस दिली आहे, आणि आता ‘सकाळी’ सुरू होतं. दर ०.३ सेकंदाला एक कळ दाबली जाते. पहिली कळ ‘स’. त्याच क्षणी ॲप ‘उद्या स’ हा मजकूर सर्व्हरकडे पाठवतं.

रेंज चांगली असेल तर ०.१ सेकंदात उत्तर येतं, ‘उद्या स’. चौकटीतही तेवढंच आहे. काही बदलायची गरज पडत नाही आणि लिहिणाऱ्याला काही कळतही नाही.

आता रेंज कमी आहे असं समजू. ०.३ सेकंदाला ‘क’ दाबला, ०.६ सेकंदाला काना दिला. चौकटीत ‘उद्या सका’ दिसतं आहे. ०.८ सेकंदाला ते पहिलं, शिळं उत्तर येऊन थडकतं, ‘उद्या स’. ॲप चौकटीतला मजकूर पुसून हे उत्तर भरतं. ‘का’ गेला, आणि शब्दाखालची रेघही गेली. ०.९ सेकंदाला लिहिणाऱ्याचं बोट ‘ळ’वर पडतं. त्याची नजर कीबोर्डवर आहे, वर काय झालं ते त्याने पाहिलेलंच नाही.

इथून पुढे दोन वाटा फुटतात. चौकटीतला मजकूर बदलल्याचं ॲपने कीबोर्डला कळवलं असेल, तर कीबोर्ड हातातला शब्द सोडून देतो आणि नव्याने सुरुवात करतो. मग समोरच्या ‘स’पुढे ‘ळ’ लागतो, त्यावर वेलांटी बसते आणि तयार होतं ‘उद्या सळी’. मधलं अक्षर गळलं.

कळवलं नसेल, तर कीबोर्डच्या लेखी चालू शब्द अजून ‘सका’च आहे. त्याला ‘ळ’ जोडून तो ‘सकाळ’ असा अख्खा शब्द ॲपला देतो. एरवी हा शब्द रेघेखालच्या भागाच्या जागी बसला असता. पण रेघ आता उरलेली नाही, म्हणून तो कर्सर असेल तिथे, म्हणजे उरलेल्या ‘स’च्या पुढे, नव्याने घातला जातो. ‘उद्या ससकाळ’. शेवटच्या कळीला ‘उद्या ससकाळी’. अक्षर दोनदा आलं.

गळती आणि पुनरुक्ती हे दोन वेगळे बिघाड वाटतात, पण इथे मूळ एकच आहे. उशिरा आलेल्या शिळ्या उत्तराने नव्या मजकुरावर लिहिलं. कीबोर्डला ते कळलं की नाही, एवढ्यावरच निरोपाचं रूप ठरलं. गंमत अशी की त्याआधीच्या स्पेसपर्यंतचंच, म्हणजे ‘उद्या’पुरतं, उत्तर त्या वेळी आलं असतं आणि कीबोर्डला पत्ता नसता, तर पुढच्या कळीला ‘सकाळ’ जिथल्या तिथे बसून वाक्य आपोआप सुधारलं असतं. त्यामुळे हा बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि ‘पुन्हा करून दाखवा’ म्हटलं की हटकून लपतो. प्रत्यक्षात एकच शिळं उत्तर येऊन थांबत नाही. मागून आणखी येत राहतात. ती वेगवेगळ्या जोडण्यांवरून आली तर पुढचं मागे आणि मागचं पुढे होऊ शकतं, कारण टीसीपी क्रम राखतं ते एका जोडणीपुरतं. अशा वेळी लांब वाक्याची पार खिचडी होते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर देवनागरीच्या मधोमध अर्धवट ‘sak’ही अडकून राहतं.

ॲप लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या टेबलावर उत्तर नेहमी पुढच्या कळीच्या आत येतं. उपाय मात्र अवघड नाही. फेसबुकने २०१५ साली खुली केलेली रिॲक्ट नेटिव्ह ही ॲप बांधण्याची चौकट यासाठी एक मोजणी ठेवते. चौकटीत प्रत्येक बदल झाला की आकडा एकाने वाढतो. वरून कुणी मजकूर बदलायला आलं, तर ‘मी कितव्या बदलापर्यंतचं पाहून आलो’ हे त्याला सांगावं लागतं. आकडा मागचा असेल तर तो बदल दुर्लक्षिला जातो. आपल्या उदाहरणात ०.८ सेकंदाचं उत्तर दोन बदल मागे होतं, ते परत फिरलं असतं. अर्थात ही मोजणी फोनमधल्या दोन भागांपुरती आहे. सर्व्हरच्या उत्तरावर असा आकडा घालणं हे ॲप लिहिणाऱ्याचंच काम राहतं. याहून सोपा नियमही आहे. माणूस लिहीत असेपर्यंत चौकटीत दुसऱ्या कुणी हात घालू नये.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. रोजच्या वापरातली बहुतेक चॅट ॲप्स ‘पाठवा’ दाबेपर्यंत मजकूर फोनमध्येच ठेवतात. फार तर समोरच्याला ‘टायपिंग’ एवढं दाखवतात. तिथे हा बिघाड सहसा होत नाही. तो जास्त करून भेटतो ब्राउझरमधल्या चॅटच्या खिडक्यांत, ग्राहक-सेवेच्या ॲपमध्ये, ऑनलाइन अर्जांत आणि सामायिक लिखाणात.

पोच वाटेत हरवली तर

दुसरी जागा आहे ती ‘पाठवा’ दाबल्यानंतरची. फोनने निरोप पाठवला, सर्व्हरला तो मिळाला, सर्व्हरने पोच दिली, आणि पोच यायच्या आत जोडणी तुटली. कोकण रेल्वेच्या बोगद्यात गाडी शिरली की असं सहज होतं. फोनला इतकंच कळतं की पोच आली नाही. निरोप जाताना हरवला की पोच येताना हरवली, हे फोनच्या बाजूने ओळखण्याचा काही मार्ग नाही. टीसीपीचे क्रमांकही इथे कामाचे नाहीत, कारण नवी जोडणी म्हणजे नवी मोजदाद.

ॲपने पुन्हा पाठवलं नाही तर निरोप कायमचा हरवण्याचा धोका. पुन्हा पाठवलं तर दोनदा जाण्याचा. त्यामुळे शहाणं ॲप प्रत्येक निरोपाला फोनमध्येच एक ओळखक्रमांक देतं आणि तो हवा तितक्या वेळा पाठवतं. सर्व्हर क्रमांक पाहतो, ‘हा तर आलेला आहे’ म्हणतो आणि नुसती पोच देतो. हा क्रमांक नसेल, किंवा दर प्रयत्नाला नवा पडत असेल, तर एकच निरोप दोन-तीनदा उमटतो.

निरोप अख्खा दोनदा आला तर तो मोडलेला वाटत नाही, नुसता दोनदा आलेला वाटतो. खरी गडबड होते ती डेटा वाचवण्यासाठी फक्त नवी भर पाठवणाऱ्या ॲपमध्ये. असं ॲप दर वेळी पूर्ण वाक्य पाठवत नाही. ‘शेवटी ळ जोडा’, ‘शेवटी वेलांटी जोडा’ अशा सूचना पाठवतं. ‘ळ जोडा’ची पोच हरवली, सूचना पुन्हा गेली, आणि सर्व्हरने दोन्ही अमलात आणल्या तर तिथे ‘सकाळळी’ तयार होतं. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर मात्र ‘सकाळी’च असतं. पाठवणाऱ्याकडे बरोबर आणि वाचणाऱ्याकडे चूक, ही या जागेची खूण. ‘शेवटी जोडा’ऐवजी ‘दहाव्या जागी ळ ठेवा’ असं सांगितलं असतं आणि सर्व्हरने त्या जागेवर आधीचं झाकून नवं ठेवलं असतं, तर दोनदा सांगूनही बिघडलं नसतं.

एका अक्षराचे तीन बाइट

तिसऱ्या वाक्यातले ते � वेगळ्याच जागी जन्मतात, आणि तिथे मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त सोसावं लागतं. आज जवळपास सगळं लिखाण यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलं आणि पाठवलं जातं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली आखली. तिच्यात साधं इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट असतात.

‘ळ’चे तीन बाइट असे असतात:

```
E0 A4 B3
```

नेटवर्कवरून मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो. तुकडा कुठे तुटेल याचा अक्षरांशी संबंध नसतो. बाइट क्रमाने येतात, हरवत नाहीत, पण ‘E0 A4’ एका तुकड्याच्या शेवटी आणि ‘B3’ दुसऱ्याच्या सुरुवातीला, असं होऊ शकतं. जोडणी चांगली असताना छोटा निरोप बहुधा एकाच वेळी हाती लागतो. कमजोर असताना तो थांबत थांबत येतो, आणि ॲपला त्याचे अर्धेमुर्धे तुकडे हाताळावे लागतात.

ॲप नीट लिहिलेलं असेल तर ते अर्धं अक्षर बाजूला ठेवतं, पुढचा तुकडा आला की जोडतं, मगच वाचतं. घाईचं ॲप प्रत्येक तुकडा आला तसा वाचून मोकळं होतं. मग ‘E0 A4’चा अर्थ लागत नाही, तिथे एक � पडतो. पुढच्या तुकड्यातल्या एकट्या ‘B3’चाही अर्थ लागत नाही, तिथे दुसरा पडतो. ‘ळ’ गेला, दोन काळे चौकोन आले, आणि त्याची वेलांटी आधाराविना उरली. अशा बेवारस मात्रेखाली बऱ्याच फोनवर ठिपक्यांचं एक वर्तुळ दिसतं. इथे व्यंजन असायला हवं होतं, असं पडदा त्यातून सांगत असतो.

इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून ते मधोमध तुटूच शकत नाही. ज्याने ॲपची चाचणी फक्त इंग्रजीत घेतली, त्याला हा दोष दिसायचं कारणच नाही. आणि एकदा � म्हणून साठवलेलं अक्षर परत मिळत नाही, कारण मूळ बाइट टाकून दिलेले असतात. निरोप पुन्हा मागवणं एवढाच मार्ग उरतो. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर बाइट शाबूत असतात, फोनमध्ये फक्त त्या लिपीचा फाँट नसतो. तोच निरोप दुसऱ्या फोनवर उघडला की व्यवस्थित दिसतो.

बिघाड कुठे, हे घरबसल्या पाहणं

मोडलेला निरोप हाती आला की पहिला प्रश्न असा विचारावा, पाठवणाऱ्याच्या पडद्यावरही तो तसाच दिसतो का? तिथेही ‘ससकाळी’ किंवा ‘सळी’ असेल, तर बहुधा पाठवण्यापूर्वीच लिहिण्याच्या चौकटीत ते मोडलं. तिथे नीट असेल, तर मोडतोड वाटेवरच्या ॲपच्या कारभारात किंवा वाचणाऱ्याच्या फोनवर झाली.

चौकटीतच मोडत असेल तर एक सोपी परीक्षा आहे. ॲप उघडावं, लिहिण्याच्या चौकटीवर यावं, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून तेच वाक्य त्याच वेगाने लिहावं. आता सर्व्हरचं उत्तर येण्याचा प्रश्नच नाही. अक्षरं नीट उमटली तर दोष ॲपच्या सर्व्हरशी चाललेल्या देवाणघेवाणीत आहे. तरीही गळत असतील तर नेटवर्क सुटलं. मग फोनवरचा ताण किंवा कीबोर्ड यांच्याकडे पाहायचं. तोच कीबोर्ड नोट्सच्या साध्या ॲपमध्ये नीट चालतो का, हे पाहिलं की कीबोर्डचाही निकाल लागतो.

तात्पुरता तोडगा यातूनच निघतो. रेंज कमी असताना महत्त्वाचा मजकूर नोट्समध्ये लिहावा आणि तिथून उचलून फॉर्ममध्ये चिकटवावा. चिकटवलेला मजकूर एकाच फटक्यात आत जातो, त्यात शब्द अर्धवट नसतो, आणि त्याच्या मधोमध शिळं उत्तर घुसायला फट उरत नाही. चिकटवल्यावर दोन-चार सेकंद थांबून चौकट पुन्हा पाहावी, मगच ‘पाठवा’ दाबावं. घड्याळाचं चिन्ह फिरत असेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. प्रत्येक दाबणं हा ॲपच्या लेखी नवा निरोप असू शकतो.

सर्वांत जास्त डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते आकड्यांकडे. ‘ससकाळी’ पाहताच चूक कळते, कारण असा शब्द मराठीत नाही. पण १५००चे १५० झाले, किंवा खाते क्रमांकातला एक शून्य दोनदा आला, तर दिसायला काहीच वावगं नसतं. म्हणूनच बँकेच्या अर्जात खाते क्रमांक दोनदा लिहून घेतात. त्या दोन्ही चौकटी कंटाळून एकमेकींवरून भरू नयेत.

ॲपवाल्यांना तक्रार लिहायची असेल तर ‘ॲप नीट चालत नाही’ एवढ्याने त्यांच्या हाती काही लागत नाही. काय लिहायचं होतं, काय उमटलं, ते पाठवण्यापूर्वी उमटलं की नंतर, कोणता कीबोर्ड होता, आणि एअरप्लेन मोडवर तेच झालं का, एवढी पाच उत्तरं स्क्रीनशॉटसह द्यावीत. त्यांच्या टेबलावर रेंज पूर्ण असते, त्यामुळे सोबत एक वाक्य जरूर घालावं: ‘जोडणी मुद्दाम दोन सेकंद उशिराची करून मराठीत लिहून पाहा.’ असा कृत्रिम उशीर लावण्याची सोय त्यांच्या चाचणीच्या साधनांत असते. ती लावली की त्यांच्याही पडद्यावर ‘ससकाळी’ उमटायला फार वेळ लागत नाही.